भिंतीवरचे तीन शब्द

चौकटींच्या दुकानात साधेपणावरची भिंतचित्रे पाहायला मिळतात. पांढरा कागद, मधोमध बारीक अक्षरे, भोवती भरपूर मोकळी जागा, काळी बारीक चौकट. दिसायला सगळे अगदी संयमी असते. मग मजकूर वाचावा तर तो गळ्यात पडतो: कमी वस्तूंत जास्त सुख शोधा, मनाचे ऐका, जे आहे त्यात आनंद माना. कागदाने साधेपणा पाळलेला असतो आणि वाक्याने प्रवचन सुरू केलेले असते.

भिंतीवरचे वाक्य पुस्तकातल्या वाक्यासारखे वाचले जात नाही. पुस्तकातले वाक्य आपण एकदा वाचतो आणि पुढे जातो. भिंतीवरचे रोज दिसते, न वाचता दिसते, जेवताना, फोनवर बोलताना, कोणाशी वाद चाललेला असतानाही दिसते. पहिल्या दिवशी भावलेली कोटी पंधराव्या दिवशी शिळी होते आणि पहिल्या दिवशी प्रेमळ वाटलेला उपदेश महिन्याभरात टोचू लागतो. म्हणून अशा ओळीची खरी कसोटी दुकानात लागत नाही. ती लिहितानाच लावावी लागते, आणि तिचा पहिला भाग व्याकरणाचा आहे.

समाधानावरची बहुतेक वाक्ये आज्ञार्थी असतात. राहा, जगा, माना, शोधा, सोडा. आज्ञार्थ आला की सांगणारा आणि ऐकणारा असे दोन पक्ष तयार होतात आणि घरात लगेच प्रश्न उभा राहतो की हे कोण कोणाला सांगतेय. माझ्या ओळखीच्या एका घरात सुनेने जेवणघरात ‘समाधानी राहा’ अशी सुंदर सुलेखनातली चौकट लावली. सासूबाईंनी चष्मा लावून ती वाचली आणि विचारले, “अगं, हे मला लिहिलंयस का?” सून हसली, पण चौकट दुसऱ्या दिवशी बेडरूममध्ये गेली. हेच वाक्य एखाद्या कारखान्याच्या कँटीनमध्ये मालकाने लावले तर पगारवाढीच्या महिन्यात त्याचा अर्थ काय होईल, हे वेगळे सांगायला नको. स्वयंपाकघरात ते लावले तर जी व्यक्ती सगळ्यात जास्त वेळ ओट्यापाशी उभी असते तिलाच ते रोज ऐकवले जाते. समाधान ही अशी गोष्ट आहे की दुसऱ्याला सांगितली की तिचा धाक होतो.

थोडक्यात लिहिणे म्हणजे संयमाने लिहिणे नव्हे, हे आपल्याला खरे तर पुणेरी पाट्यांनी केव्हाच शिकवायला हवे होते. पुणेरी पाटी चारपाच शब्दांत काम उरकते, पण तिच्यात एक नांगी असते आणि ती वाचणाऱ्याकडे रोखलेली असते. याउलट हॉटेलाबाहेरची ‘पार्सल मिळेल’ ही पाटी पाहा. विशेषण नाही, आग्रह नाही, वस्तुस्थिती सांगितली आणि थांबली. भिंतीवरच्या समाधानाच्या ओळीला हा दुसरा सूर साधला पाहिजे. बाजारात आणि छापखान्यात वावरलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. जाहिरातीतली ओळ काहीतरी करायला लावण्यासाठी असते, घरातली ओळ काही करायला न लावण्यासाठी.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. एका निवृत्त जोडप्याला डोंबिवलीच्या घरात जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर A3 आकाराचे, म्हणजे २९७ बाय ४२० मिलिमीटरचे, एक साधे मुद्रित चित्र हवे होते. काकांनी स्वतः लिहून आणलेली ओळ अशी होती: ‘खरे समाधान वस्तूंमध्ये नसून मनात असते, म्हणून साधे जगा, आनंदी राहा.’ अकरा शब्द. त्यात चुकीचे काहीच नाही, आणि अडचण तीच आहे. हे कोणीही कोणालाही, कुठेही सांगू शकतो.

‘म्हणून’पासून पुढचा भाग आधी गेला, कारण तो आज्ञार्थी. मग ‘खरे’ गेले. समाधानाला खरे म्हटले की खोट्या समाधानाचा विषय आपणच काढलेला असतो. ‘वस्तूंमध्ये नसून मनात’ ही जोडी आपल्याकडे व्याख्यानांतून इतकी फिरली आहे की ती कानावर पडते पण आत जात नाही. शिवाय ती वाद घालते. समोर कोणीतरी वस्तूंच्या बाजूने बोलत असल्यासारखे तिचे वळण आहे. हे सगळे काढल्यावर उरले ‘समाधान मनात असते’. वाक्य छोटे झाले, पण पोकळही झाले. शब्द कापत गेले की साधेपणा येतो ही समजूत इथे उघडी पडते. अमूर्त वाक्य कितीही कापा, ते छोटे अमूर्त वाक्य होते. अशा वेळी कात्री ठेवून द्यावी आणि ज्या भिंतीवर ते लागणार तिच्यासमोर काय घडते ते पाहावे.

तिथे दोघे रात्री जेवतात. काकू मोजून स्वयंपाक करतात आणि उठताना भांडी रिकामी पाहून रोज एकच गोष्ट म्हणतात. काकांना त्यात काही विशेष वाटले नव्हते. मी विचारले तेव्हा काकू म्हणाल्या, “काय म्हणणार? आज एवढं पुरलं, इतकंच.” ओळ सापडली ती इथे.

मग तिचे रूप ठरवायचे राहिले. ‘पुरते’ की ‘पुरलं’ की ‘पुरेल’? ‘एवढे पुरते’ म्हटले की तो नियम होतो, आणि नियमात पुन्हा उपदेशाची सावली असते. ‘पुरेल’मध्ये आशा आहे आणि आशेच्या पोटात काळजी. नुसते ‘पुरे’ लिहिले तर तो दटावणीचा सूर झाला, आपण मुलांना असेच थांबवतो. ‘पुरलं’ हा फक्त आजचा हिशेब आहे, झालेला आणि मिटलेला. ‘आज’ हा शब्द ठेवावा की नाही यावर बराच वेळ गेला. तो काढला तर ओळ आयुष्याबद्दल बोलू लागते, जड होते. ठेवला तर ती एका दिवसापुरतीच बोलते आणि उद्याबद्दल कसलाही दावा करत नाही. तो ठेवला. दुसरा प्रश्न लेखी प्रमाण रूपाचा. काकांना ‘एवढे पुरले’ हवे होते, कारण छापील मजकूर शुद्ध हवा. पण ओळ माणसाच्या तोंडची आहे आणि बोलण्यातला अनुस्वार तिला तिच्या घरात ठेवतो. ‘आज एवढे पुरले’ हे अहवालात शोभले असते. शेवटी भिंतीसाठी ठरले: ‘आज एवढं पुरलं’.

अशा ओळी प्रत्येक घरात पडलेल्या असतात आणि त्या बहुधा क्रियापदाच्या भूतकाळात सापडतात. ‘आजचं आज झालं’ ही कामाच्या टेबलावर चालेल. ‘उरलं ते वाटलं’ ही थोडी अधिक बोलते, तिच्यात कर्तृत्वाचा किंचित टेंभा आहे, तरी शेजारपाजार असलेल्या घरात ती खरी ठरते. ‘घरात जागा आहे’ ही मला सगळ्यांत आवडते, कारण ती वस्तूंबद्दलही आहे आणि माणसांबद्दलही, आणि दोन्हींपैकी कशाचाच उल्लेख करत नाही. ‘कपाट अर्धं रिकामं’ ही मात्र दिसायला हुशार असली तरी टिकत नाही. चार महिन्यांनी कपाट भरते आणि ओळ टोमणा मारू लागते. सुख, आनंद, शांती, मन, जीवन हे शब्द यांपैकी एकाही ओळीत नाहीत. ते शब्द वाईट नाहीत, पण चौकटीवर त्यांच्या जागी आधीच इतरांनी बसवलेला अर्थ येऊन बसतो.

समाधानाचा मजकूर आणि त्याचे दृश्य रूप एकजीव झाल्याचा माझ्या माहितीतला सर्वांत सुंदर नमुना भिंतीवर नाही, दगडात आहे. जपानमध्ये क्योतो शहरातल्या र्योआन्जी या मंदिराच्या आवारात हात-तोंड धुण्यासाठी दगडी कुंड आहे. बाहेरून गोल, मधला पाण्याचा खळगा चौकोनी, जुन्या नाण्याच्या आकाराचे. खळग्याच्या चार बाजूंना चार चिन्हे कोरली आहेत. सुटी वाचली तर त्यांचा सरळ अर्थ लागत नाही. पण मधला चौकोन हेही एक चिन्ह आहे, ‘तोंड’ या अर्थाचे, आणि ते चारही चिन्हांचा भाग म्हणून मोजले की चार पूर्ण अक्षरे तयार होतात. जे आहे ते पुरेसे आहे एवढेच मला कळते, असा त्यांचा आशय. एकच रिकामा खळगा चार अक्षरांना पुरतो. मजकूर जे म्हणतो तेच कोरणाऱ्याने सामग्रीत करून दाखवले आहे, आणि म्हणणाराही ‘मी’ आहे, समोरच्याला उद्देशून काही नाही.

हा नमुना देवनागरीत जसाच्या तसा उचलता येत नाही. चिनी-जपानी अक्षर एका चौकोनात उभे राहते. आपले अक्षर शिरोरेषेला लटकते. त्यामुळे इंग्रजी भिंतचित्रांतून उचललेल्या बहुतेक युक्त्या मराठीत फसतात. सगळ्यांत जास्त फसते ती अक्षरे लांब लांब ठेवण्याची. इंग्रजीत प्रत्येक अक्षर सुटे असते, त्यांच्यात अंतर वाढवले की ओळ हलकी वाटते. मराठीत संगणकावर तेच केले की शिरोरेषा जागोजागी तुटते आणि शब्द म्हणून जे एकसंध दिसायला हवे त्याचे तुकडे होतात. काही प्रणाल्या रेषा ओढून जोडतात, मग अक्षरे दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसतात. मोकळेपणा हवा असेल तर तो दोन शब्दांच्या मध्ये द्यावा, अक्षरांच्या मध्ये नाही.

दुसरी युक्ती शिरोरेषाच काढून टाकण्याची. बोधचिन्हांत आणि नाटकांच्या जाहिरातींत ती उत्तम चालते, कारण तिथे शब्द ओळखीचा असतो आणि अक्षरकाराने प्रत्येक वळण हाताने सांभाळलेले असते. तयार फाँटची शिरोरेषा खोडली तर घ आणि ध, भ आणि म यांतला फरक पुसट होतो, कारण ध आणि भ यांची ओळखच मुळी तुटक शिरोरेषेवर आहे. ‘घरात जागा आहे’ ही ओळ ‘धरात जागा आहे’ अशी दिसू लागली तर पाहुणे विचारतील, आणि मग रोज खुलासा करावा लागेल.

आपल्या तीन शब्दांकडे जवळून पाहू. ‘आज एवढं पुरलं’ या ओळीत शिरोरेषेच्या वर फक्त दोन टिंबे आहेत, ढ आणि ल यांच्यावर. खाली फक्त एक उकार, प च्या पायाशी. बाकी ओळ सपाट. ‘एवढे पुरले’ केले असते तर टिंबांच्या जागी दोन तिरक्या मात्रा आल्या असत्या आणि ओळीला वरून ओढ बसली असती. ‘तृप्ती’सारख्या शब्दात वर वेलांटीची कमान, खाली ऋकार, मध्ये जोडाक्षर अशी तिन्ही मजल्यांवर गर्दी असते, तो शब्द मोठ्या आकारात एकट्याने छान दिसतो, बारीक ओळीत नाही. शब्द निवडताना अर्थाबरोबर एवढे पाहावे. ओळ दोन ओळींत मोडायची वेळ आली तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकतात, म्हणून देवनागरीत दोन ओळींमधले अंतर इंग्रजीपेक्षा बरेच जास्त, अक्षराच्या आकाराच्या दीडपट तरी ठेवावे लागते.

पूर्णविराम द्यावा का? मराठीत आपण टिंबाचा पूर्णविराम देतो, हिंदीसारखा दंड नाही, आणि एरवी मी भिंतीवरच्या ओळीला तो देतो, कारण तो विधान बंद करतो. इथे मात्र ‘लं’च्या डोक्यावर एक टिंब आधीच आहे. त्याच्या लगेच खाली उजवीकडे दुसरे टिंब आले की ओळीच्या टोकाला विसर्ग सांडल्यासारखा दिसतो. म्हणून पूर्णविराम वगळला.

शेवटच्या शब्दात ल आहे, आणि ल म्हटला की फाँटची निवड आलीच. मराठी ल दोन पाकळ्यांचा, हिंदी ल वेगळ्या वळणाचा. श चेही तसेच, आपला देठाचा. संगणकात येणारे कित्येक देवनागरी फाँट हिंदी वळण डोळ्यांसमोर ठेवून बनलेले आहेत. बातमी वाचताना हे खटकत नाही, पण १५ मिलिमीटर उंचीचा ल भिंतीवर रोज पाहायचा असेल तर खटकतो. गूगल फाँट्सवर Tiro Devanagari Marathi नावाचा मोफत फाँट आहे. टायरो टाइपवर्क्सने तो मराठी वळणांसाठी स्वतंत्र काढला आहे. हिंदी आणि संस्कृतसाठी त्याची वेगळी भावंडे आहेत. त्याचे वळण बोरूच्या लेखणीची आठवण देणारे, जाडबारीक रेषांचे. रेषा एकसारखी आणि आधुनिक हवी असेल तर एक टाइप या मुंबईच्या संस्थेचा Mukta हा फाँट त्याच ठिकाणी मिळतो आणि त्यात अगदी बारीकपासून ठळकपर्यंत वजने आहेत. दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत, म्हणजे छापलेले चित्र विकायचे असले तरी चालतात. सर्वांत बारीक वजन मात्र टाळावे. पडद्यावर ते नाजूक दिसते, छापल्यावर दोन मीटरवरून शिरोरेषा तेवढी दिसते आणि खालची अक्षरे विरून जातात. आमच्या चित्रासाठी टायरोचे साधे वजन घेतले, कारण काकूंच्या वाक्याला यंत्राची रेषा शोभत नव्हती.

आकार पॉइंटात ठरवू नये. एकाच पॉइंटचे दोन देवनागरी फाँट शेजारी ठेवले तर एकाचे अक्षर दुसऱ्याच्या पाऊणपट भरते. शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची पट्टीने मोजावी. पाट्या रंगवणाऱ्यांचा ढोबळ हिशेब असा की आरामात वाचायचे तर दर मीटर अंतराला ७ ते ८ मिलिमीटर उंची हवी. टेबलाजवळच्या खुर्चीपासून ती भिंत दोन मीटरवर होती, म्हणून १५ मिलिमीटर. त्या उंचीला आमची ओळ साधारण १३ सेंटीमीटर लांब झाली आणि उभ्या कागदावर दोन्ही बाजूंना आठ आठ सेंटीमीटरहून थोडी जास्त जागा उरली. ओळ कागदाच्या नेमक्या मध्यावर ठेवली तर ती खाली घसरल्यासारखी वाटते, हा डोळ्याचा जुना भ्रम आहे. देवनागरीत सगळे वजन शिरोरेषेत असल्याने मी शिरोरेषा मोजतो. ४२० मिलिमीटरच्या कागदावर ती वरच्या कडेपासून १८५ मिलिमीटरवर ठेवली.

फाइल तयार करताना घात होतो तो वेलांटीचा. InDesign सारख्या प्रणालीत इंग्रजी मजकुराची मांडणी चालू राहिली तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी पडतात. परिच्छेदाच्या पर्यायांत `Adobe World-Ready Paragraph Composer` निवडले की ते जागेवर येते. मोफत Inkscape मध्ये हा त्रास नाही. पण प्रणाली कोणतीही असो, छापखान्यात फाइल देताना अक्षरांचे आकारांत रूपांतर करून द्यावे. Inkscape मध्ये ते `Path > Object to Path` या आज्ञेने होते. छापखान्यातल्या संगणकावर तुमचा फाँट नसेल तर तो दुसरा कोणतातरी भरतो आणि ते लक्षात येते चौकट घरी आल्यावर. रूपांतर करण्यापूर्वीची मूळ फाइल जपून ठेवावी, कारण रूपांतर केलेल्या फाइलमध्ये अनुस्वारही टाइप करून बदलता येत नाही.

रंगाबाबत सगळ्यांना करडी अक्षरे हवी असतात, मवाळ दिसतात म्हणून. छपाईत करडा रंग बहुधा काळ्याच्या बारीक ठिपक्यांनी बनतो आणि बारीक अक्षराच्या कडा त्यामुळे कुरतडल्यासारख्या येतात. भिंग लावून पाहिले तर लगेच दिसते. दुसऱ्या टोकाला, काळा गडद व्हावा म्हणून चारही रंगांची शाई एकावर एक छापायला सांगितली तर कागद केसभर सरकला तरी अक्षराला निळी किंवा लाल किनार येते. साध्या अक्षरांसाठी एकट्या काळ्या शाईचे १०० टक्के मागावेत आणि मवाळपणा कागदाकडून घ्यावा. दुधी झाक असलेला, चकाकी नसलेला, २५० ते ३०० जीएसएमचा कागद या कामाला चांगला. झगझगीत पांढऱ्या कागदात उजाळा आणणारी रसायने असतात. त्यांचा परिणाम उजेडात ओसरतो आणि कागद काही वर्षांत पिवळट पडतो. तेव्हा मुळातच किंचित पिवळसर असलेला कागद घेणे शहाणपणाचे.

कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईच्या पट्ट्यात खरा शत्रू पावसाळा. कागद काचेला थेट टेकवून चौकट केली तर ओलाव्याने तो काचेला चिकटतो आणि मग सोडवताना शाईसकट निघतो. मध्ये पुठ्ठ्याचा माउंट घालायला सांगावे, तोही आम्लविरहित, नाहीतर कापलेल्या कडेपासून तपकिरी डाग पसरतो. चौकटीच्या मागच्या दोन खालच्या कोपऱ्यांना रबराच्या टिकल्या लावल्या की भिंत आणि चौकट यांत हवा खेळते. जी बाहेरची भिंत जुलैमध्ये ओल धरते, तिच्यावर काहीच टांगू नये. डोंबिवलीतली भिंत आतली होती, एवढे नशीब. उंचीबाबत, उभ्याने पाहायच्या चित्राचा मध्य जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास ठेवतात. पण हे बसून, ताटावरून मान वर करून पाहायचे होते, म्हणून मध्य सव्वा मीटरवर आणला. खिळा आधी ठोकलेला असेल तर तो काढून पुन्हा ठोकायचा आळस करू नये, कारण उभ्याच्या उंचीवरची ओळ बसलेल्या माणसाला वरून बोलल्यासारखी वाटते आणि मग व्याकरणात टाळलेला उपदेश खिळ्यातून परत येतो.

स्वतःची ओळ नको, थोरामोठ्यांचीच हवी, असे म्हणणारे बरेच असतात. तिथे दोन गोष्टी पाहाव्या लागतात: ओळ खरोखर त्यांची आहे का, आणि ती छापता येते का. साधेपणावरच्या वचनांमध्ये बनावट नावांचा सुळसुळाट आहे. इतरांना जगता यावे म्हणून आपण साधे जगावे, अशा अर्थाचे एक सुटसुटीत इंग्रजी वाक्य गांधीजींच्या नावाने हजारो चौकटींवर छापलेले आहे. त्यांच्या समग्र वाङ्मयाचे १०० खंड छापील आणि खुले आहेत. तरी ते वाक्य कुठल्या खंडात, कुठल्या पानावर आहे हे एकही चौकट सांगत नाही. ज्या वचनाला ग्रंथ आणि पान नाही, त्याखाली नाव घालू नये, असा माझा नियम आहे.

संतवचनांना स्वामित्वहक्काचा प्रश्न नाही, पाठाचा आहे. तुकोबांच्या गाथेच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत शब्द बदलतात, आणि फोनवर फिरणाऱ्या ओळी तर बऱ्याचदा कुठल्याच गाथेशी जुळत नाहीत. छापील गाथेतून ओळ घ्यावी आणि आवृत्ती व अभंगाचा क्रमांक चौकटीच्या पाठीवर पेन्सिलने लिहून ठेवावा. आणखी एक काळजी: अभंगातले आर्जव बहुतेक वेळा देवाला किंवा स्वतःच्या मनाला उद्देशून असते. त्यातली एकच ओळ कापून भिंतीवर आणली की ती पाहणाऱ्याला उद्देशून होते, आणि आपण पुन्हा सासूबाईंच्या प्रश्नाशी येतो. छापायचेच तर संबोधन ज्या चरणात आहे तोही घ्यावा, मग ओळ थोडी लांबली तरी चालेल.

आधुनिक कवींबाबत १९५७चा स्वामित्वहक्क कायदा लागू होतो. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क राहतो. कुसुमाग्रज १९९९मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या ओळींवरचा हक्क २०५९ संपेपर्यंत आहे, पु. ल. देशपांडे २०००मध्ये गेले, तिथे आणखी एक वर्ष. लेखकाच्या पश्चात पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या लेखनाची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात. बहिणाबाई चौधरी १९५१मध्ये गेल्या आणि त्यांच्या गाण्यांचे पुस्तक १९५२मध्ये निघाले, त्यामुळे ती गाणी २०१३पासून सर्वांना मोकळी आहेत. परदेशी वचनाचा मराठी अनुवाद छापायचा असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा मोजावा लागतो, मूळ लेखक दोन हजार वर्षांपूर्वीचा असला तरी. विक्रीसाठी छापत असाल तर ही चौकशी आधी करावी, प्रकाशकाला लिहिलेले एक पत्र पुरते.

आणि ओळ कोणाचीही असो, चौकटवाल्याकडे जाण्यापूर्वी ती साध्या कागदावर खऱ्या आकारात छापून घ्या आणि ठरलेल्या जागी चिकटपट्टीने लावा. पंधरा दिवस राहू द्या. घरातल्या सगळ्यांना वाचू द्या, काही विचारू नका. त्या काळात एकदा तरी घरात पैशांवरून किंवा कामावरून खटका उडेल; त्या वेळी ती ओळ कोणाच्या बाजूने बोलते आहे असे वाटले, तर ती उतरवा आणि दुसरी लावून पाहा.